मामाचा ‘बाबा’ झाला की बँक ओळखत नाही

नाक चोंदलेल्या माणसाला ‘मामा’ म्हणायला सांगा, ऐकू येतं ‘बाबा’. ‘नाना’चा ‘दादा’ होतो. घरात यावर हसून विषय संपतो. पण आवाजावरून खातेदार ओळखणाऱ्या बँकेला फोन केला, की हाच ‘बाबा’ नडतो. ठरलेलं वाक्य तुम्ही नीट म्हणता, पलीकडून उत्तर येतं, ‘आवाज जुळला नाही.’ पुन्हा म्हणता, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला फोनच बंद होतो.

मग खातेदार चिडून बँकेला ईमेल लिहितो: तुमचं यंत्र बिघडलंय, दुरुस्त करा. दोन दिवसांनी उत्तर येतं: कृपया शांत जागेतून पुन्हा प्रयत्न करा. या पत्रव्यवहारातून काहीच हाती लागत नाही, कारण यंत्र बहुतेक वेळा बिघडलेलं नसतंच. ते नेमकं काय तपासतं आणि सर्दीत त्यातलं काय बदलतं हे कळलं, की बँकेकडे काय मागायचं आणि काय मागायचं नाही, तेही कळतं.

आवाजावरून ओळख पटवण्याची सोय भारतात आयसीआयसीआय बँकेने २०१५ मध्ये आणली. ब्रिटनमध्ये एचएसबीसीने ती २०१६ मध्ये सुरू केली. अशा यंत्रणांची रीत साधारण सारखीच असते. नोंदणीच्या वेळी तुमच्याकडून एक ठरावीक वाक्य काही वेळा म्हणवून घेतात. वाक्य सगळ्यांना एकच असलं तरी चालतं, कारण ते गुपित नसतं. गुपित असतो तो म्हणणारा आवाज. काही बँका वाक्य म्हणायला न लावता, प्रतिनिधीशी चाललेलं तुमचं बोलणंच मागच्या मागे तपासतात.

बोलण्याचे सेकंदाच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या भागाएवढे बारीक तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्यात कोणत्या पट्टीतला, म्हणजे खालचा, मधला की वरचा ध्वनी किती जोरकस आहे, हे मोजलं जातं. या सगळ्या मोजमापांतून शेवटी काही शे आकड्यांची एक ओळ तयार होते. हा तुमच्या आवाजाचा ठसा. पुढच्या फोनवर नवी ओळ तयार होते आणि ती जुनीशी किती जवळची आहे, ते पाहिलं जातं. घसा, तोंड आणि नाकाच्या पोकळ्यांचा आकार माणसागणिक वेगळा असतो. त्यांतून घुमून बाहेर पडणाऱ्या आवाजाची ठेवणही वेगळी होते, आणि त्या आकड्यांत मुख्यतः तीच उतरते.

सर्दी घाव घालते ती नेमकी इथे. ‘म’ म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकातून जाते. ‘ब’ म्हणतानाही ओठ मिटतात, पण नाकाचा मार्ग बंद असतो. म्हणून नाक चोंदलं की ‘म’ आणि ‘ब’ यांतला फरकच उरत नाही. ‘न’ आणि ‘द’ यांचंही तसंच. शेजारच्या स्वरांवरही परिणाम होतो. ‘मा’मधल्या ‘आ’त जो थोडा नाकातला सूर असतो, तोही जातो. समजा, ओळखवाक्य ‘माझा आवाज हीच माझी ओळख’ असं आहे. त्यात दोनदा ‘म’ येतो, आणि दोन्ही ठिकाणी यंत्राला अनोळखी ध्वनी मिळतो.

यात एक विरोधाभास आहे. जीभ आणि ओठ आपण हवे तसे वळवू शकतो, म्हणून नकलाकार दुसऱ्याची ढब उचलतो. नाकाच्या आतल्या पोकळीचा आकार मात्र कुणालाच मनाप्रमाणे बदलता येत नाही. त्यामुळे माणूस ओळखायला नाकातले ध्वनी फार भरवशाचे मानले जातात. नकलाकाराला जे जमत नाही, ते सर्दी एका रात्रीत करून टाकते.

दुसरा घाव गळ्यावर. घसा सुजला की स्वरतंतूही सुजतात. जाड झालेले तंतू सावकाश कंप पावतात, म्हणून आवाज खाली उतरतो. ते एकमेकांना नीट टेकत नाहीत, मधून हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो. त्यात पहिल्या नकारानंतर बहुतेक जण जोर लावून, शब्द तोडून, मोठ्याने बोलू लागतात. त्याने आवाजाची पट्टी आणि ठेवण आणखी बदलते. नोंदणी करताना आपण सहज बोललो होतो, म्हणून पुन्हा प्रयत्न करायचाच असेल तर नेहमीच्या सुरात बोलणंच बरं.

एवढं झाल्यावरही यंत्र सरळ हो किंवा नाही म्हणत नाही. ते आधी गुण देतं. गुण ठरावीक रेषेच्या वर असले की प्रवेश, खाली असले की नकार. अगदी अकरावीच्या प्रवेशाच्या कट-ऑफसारखं. नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत असं धरू, आणि समजण्यापुरते काही आकडे घेऊ. बाईंना एरवी ८० ते ८८ गुण मिळतात, कट-ऑफ ७० आहे. सर्दीत त्यांचे गुण ६४ होतात. त्यांच्या मुलीने तेच वाक्य म्हटलं तर ६१ मिळतात, कारण घरातल्या माणसांचे आवाज पुष्कळदा जवळचे असतात. आता बाईंसाठी कट-ऑफ ६३ वर आणला, तर बाई आत येतील खऱ्या, पण मुलगी आणि दार यांत दोनच गुणांचं अंतर उरेल. मुलीचा एखादा फोन चांगला जमला, तर तीही आत येईल.

म्हणून ‘यंत्र थोडं सैल करा’ ही मागणी चुकीची ठरते. २०१७ मध्ये बीबीसीचा पत्रकार डॅन सिमन्स याच्या जुळ्या भावाने त्याच्या आवाजाची नक्कल करून एचएसबीसीच्या यंत्रणेला चकवलं. आधीचे सात प्रयत्न फसले, आठवा जमला. पैसे काढता आले नाहीत, पण खात्यातली शिल्लक आणि व्यवहार दिसले. पुढे २०२३ मध्ये ब्रिटनमधल्याच एका बँकेच्या खात्यात एका पत्रकाराने संगणकाने बनवलेल्या आपल्याच आवाजाने प्रवेश मिळवून दाखवला. तेव्हापासून रेषा खाली आणणं जास्तच धोक्याचं झालं आहे. कितीही प्रयत्न करू देणंही तसंच, म्हणून तीन चुकांनंतर फोन बंद होणं हे खातेदाराच्या हिताचंच आहे. बँकेची चूक आहे ती पुढची: फोन बंद झाल्यावर दुसरी वाटच न ठेवणं. ईमेल त्याबद्दल असायला हवा.

त्या शिक्षिकेची मुदत ठेव महिन्याच्या १५ तारखेला संपते आहे. ठेव आपोआप पुढे चालू न राहता पैसे बचत खात्यात यावेत, एवढंच तिला फोनवर सांगायचं होतं. तिचा ईमेल असा असावा:

विषय: सर्दीमुळे आवाज-पडताळणी नाकारली जाते, पर्यायी पडताळणी मिळावी

महोदय,

माझं आपल्याकडे बचत खातं आहे. खातेक्रमांकाचे शेवटचे चार अंक खाली दिले आहेत. सोमवारपासून मला सर्दी आहे. नाक बंद आहे आणि आवाज बसला आहे. मंगळवारी सकाळी ११ च्या सुमारास आणि बुधवारी दुपारी ४ वाजता मी नोंदवलेल्या मोबाइलवरून फोन केला. दोन्ही वेळा ओळखवाक्य पूर्ण म्हटल्यावर ‘आवाज जुळला नाही’ असं उत्तर आलं. तीन प्रयत्नांनंतर फोन बंद झाला. प्रतिनिधीशी बोलण्याचा पर्याय मिळाला नाही. याच फोनवरून आणि याच घरातून मागच्या महिन्यापर्यंत पडताळणी होत होती.

माझी मुदत ठेव १५ तारखेला संपते. त्याआधी मला सूचना द्यायची आहे. म्हणून विनंती:

१. माझा आवाज पूर्ववत होईपर्यंत माझी ओळख ओटीपी आणि प्रश्नोत्तरांनी किंवा शाखेत ओळखपत्र पाहून पटवावी.
२. फसलेल्या प्रयत्नांमुळे माझ्या फोन-बँकिंगवर बंदी आली असल्यास कळवावं आणि ती कशी उठेल ते सांगावं.
३. सध्याचा आवाज माझ्या मूळ नमुन्यात मिसळला जाऊ नये. बरी झाल्यावर गरज पडली तर नवी नोंदणी कशी करायची, ते कळवावं.
४. या तक्रारीचा क्रमांक द्यावा.

आपली खातेदार

या ईमेलात दिवस आणि वेळ आहे, म्हणून बँकेला ते फोन नोंदीत सापडतात आणि त्यांना मिळालेले गुणही पाहता येतात. ‘याच फोनवरून, याच घरातून’ या शब्दांमुळे शांत जागेचा सल्ला आपोआप बाद होतो. नवा फोन, ब्लूटूथ किंवा स्पीकर यांनीही गुण घसरतात. ती शंकाही मिटते.

तिसरी विनंती सर्वांत कमी लोकांना सुचते. पडताळणी झाल्यावर काही यंत्रणा त्या फोनमधला आवाजही ठशात मिसळतात, कारण वयाप्रमाणे आवाज बदलत जातो आणि ठसा ताजा राहावा लागतो. प्रतिनिधीने इतर प्रश्न विचारून तुम्हाला ओळखलं आणि मग हा घोगरा आवाज ठशात गेला, तर बरे झाल्यावर तुमचाच निरोगी आवाज परका ठरू शकतो. याच कारणासाठी सर्दीत नव्याने नोंदणी करू नये.

ईमेलात काय नाही, तेही पाहा. पूर्ण खातेक्रमांक नाही, पिन नाही, ओटीपी नाही. आणि ‘माझा आवाज कसा झालाय ते ऐका’ म्हणून ओळखवाक्याचं ध्वनिमुद्रण जोडलेलं नाही. तो मोह अनेकांना होतो. पण या यंत्रणेत ते वाक्य तुमच्या आवाजात म्हणजे साक्षात पासवर्ड. ईमेल पाठवायचा तो बँकेकडे नोंदवलेल्या पत्त्यावरूनच.

१५ तारीख अगदी तोंडावर आली असेल, तर उत्तराची वाट पाहत बसू नये. ईमेलची प्रत आणि ओळखपत्र घेऊन शाखेत जावं, ठेवीची सूचना लेखी द्यावी आणि तिच्यावर पोच घ्यावी. तक्रार स्वतंत्रपणे चालू ठेवावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते असमाधानकारक असलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनामूल्य तक्रार करता येते. तिथे आधी बँकेकडे केलेल्या तक्रारीची तारीख विचारतात, म्हणून चौथ्या विनंतीतला तो क्रमांक जपून ठेवायचा.

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते, घोगरेपणा कधी थोडा जास्त रेंगाळतो. ‘मामा’ पुन्हा ‘मामा’ ऐकू येऊ लागला की त्याच फोनवरून, नेहमीच्या सुरात एकदा पडताळणी करून पाहावी. ती झाली, तर दोष सर्दीचाच होता आणि जुना ठसा शाबूत आहे. तरीही नकार आला, तर मात्र सर्दीला बोल लावून भागणार नाही. ठसा जुना झाला असेल किंवा मधल्या काळात बिघडला असेल. त्या तक्रारीखालीच जुना नमुना पुसून नवी नोंदणी करून द्या, असं बँकेला लिहायचं.