बंद प्याला आणि तरंगतं सिंहासन

नात्याविषयी टॅरो पाहायला येणाऱ्यांच्या मनात एक प्रश्न हमखास असतो: माझा जोडीदार मनाने पक्व आहे का? अशा वेळी क्वीन ऑफ कप्स किंवा किंग ऑफ कप्स निघालं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. ही दोन कार्डं म्हणजे भावनिक परिपक्वतेची खूण, असं आता जवळपास रूढच झालं आहे. मला मात्र एवढ्यावर थांबणं धोक्याचं वाटतं. या दोन चित्रांत पक्वपणा आहे, तसाच हुबेहूब पक्वपणासारखा दिसणारा पण पक्वपणा नसलेला स्वभावही आहे. दोन्हींतला फरक ओळखता आला नाही, तर कार्ड दिलासा देतं आणि दिशाभूल करतं.

आज सर्वाधिक वापरात असलेला डेक 1909 साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यात 78 कार्डं असतात. त्यांतल्या छोट्या चार गटांपैकी कप्स, म्हणजे प्याल्यांचा गट, पाण्याशी आणि भावनांशी जोडलेला आहे. या गटातल्या चार व्यक्तींमध्ये पेज आणि नाइट ही तरुण माणसं, तर राणी आणि राजा ही मुरलेली.

राणीचं चित्र जरा निरखून पाहा. ती समुद्राच्या अगदी काठावर, पण जमिनीवर बसली आहे. पायाशी रंगीत गोटे आहेत आणि झग्याची किनार कुठे संपते नि पाणी कुठे सुरू होतं ते चटकन कळत नाही. तिच्या हातातला प्याला मोठा, नक्षीदार आहे आणि त्याला झाकण आहे. या गटातले बाकीचे प्याले उघडे आहेत. झाकलेला फक्त तिचा. तिची नजर त्या प्याल्यावरून हलत नाही. भावना जवळ घ्यायची, तिच्याकडे टक लावून पाहायचं, पण ती चारचौघांत सांडू द्यायची नाही, ही तिची ताकद. तुम्ही विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्यापाशी सुरक्षित राहते.

तिची दुसरी बाजूही त्याच झाकणात आहे. प्याला कायमच बंद राहिला तर आत काय चाललंय हे जोडीदाराला कधी कळायचं? मग सुरू होतो अबोला, आणि ‘तुला न सांगता कळायला हवं होतं’ ही अपेक्षा. पाण्याशी एकरूप झालेल्या झग्याचाही असाच उलटा अर्थ निघतो: दुसऱ्याचं दुःख ऐकता ऐकता ती स्वतःच त्यात बुडते. तुम्ही ऑफिसातला अपमान सांगायला बसता आणि शेवटी तुम्हालाच तिची समजूत काढावी लागते. माणूस हळवा आहे हे यातून नक्की कळतं, पण पक्व आहे हे नाही.

राजा तर थेट समुद्रातच आहे. दगडी चौथऱ्यावरचं त्याचं सिंहासन लाटांवर तरंगतंय. एका बाजूला जहाज चाललंय, दुसऱ्या बाजूला मासा उसळी घेतोय. एका हातात प्याला, दुसऱ्यात राजदंड, चेहरा शांत. भोवती खळबळ असताना तोल न ढळणारा माणूस, हा त्याचा सर्वमान्य अर्थ. पण त्याची नजर प्याल्याकडे नाही, आणि समुद्राच्या मधोमध बसूनही त्याचा पाय पाण्याला लागलेला नाही. पेजच्या प्याल्यातून जिवंत मासा डोकं वर काढतो. राजाच्या गळ्यात मासा आहे तो दागिना म्हणून. रेचल पोलॅक यांनी टॅरोवर जे पुस्तक लिहिलं, त्यात राजाच्या याच कोरडेपणाकडे लक्ष वेधलं: हा माणूस भावनांवर स्वार झालाय खरा, पण त्यांच्यापासून तुटलाही असेल.

वेट यांनी स्वतः या राजाला भावनिक पक्वतेशी जोडलंच नव्हतं. त्यांच्या लेखी तो गोऱ्या वर्णाचा, व्यापार, कायदा किंवा धर्माच्या क्षेत्रातला, विचारणाऱ्याला मदत करायला तयार असलेला जबाबदार गृहस्थ. उलटा आला तर लबाड. मनाच्या घडणीचा अर्थ नंतरच्या पिढ्यांनी, मानसशास्त्राच्या प्रभावाखाली दिला. म्हणूनच राजा म्हणजे नवरा आणि राणी म्हणजे बायको हा हिशेब आता धरण्याचं कारण नाही. पुरुषासाठी राणी येऊ शकते, स्त्रीसाठी राजा.

एक उदाहरण घेऊ. एका तरुणीचा साखरपुडा झालाय. होणारा नवरा कधीच आवाज चढवत नाही, तरी तिला कुठेतरी रुखरुख आहे. तिने तीन कार्डं काढली. ‘तो रागावतो तेव्हा’ या जागी किंग ऑफ कप्स. ‘मी दुखावते तेव्हा तो’ या जागी फोर ऑफ कप्स: झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण, ढगातून आलेला हात त्याच्यापुढे प्याला धरतोय आणि तो त्याकडे पाहतही नाही. ‘मी काय बघत नाहीये’ या जागी उलटी क्वीन ऑफ कप्स. पहिलंच कार्ड पाहून ‘मुलगा उत्तम, बिनधास्त लग्न कर’ असं सांगणारे बरेच भेटतील. पण दुसरं कार्ड पहिल्याचा अर्थ बदलतं: पुढे केलेला प्याला तो घेत नसेल, तर त्याचं शांत राहणं म्हणजे दूर राहणंही असू शकतं. आणि उलटी राणी बोट दाखवते तिच्याकडेच. दुखावल्यावर ती ते शब्दांत सांगते, की त्याने ओळखावं म्हणून वाट पाहते?

इथून पुढे कार्डांचं काम संपतं आणि आठवणींचं सुरू होतं. तिने शेवटची दोन भांडणं आठवावीत. दुसऱ्या दिवशी तो त्या विषयाकडे परत आला का? ‘काल मला राग आला होता, बोललो असतो तर वेडंवाकडं बोललो असतो, म्हणून गप्प बसलो’ असं म्हणणारा माणूस राजाच्या खऱ्या अर्थाच्या जवळ आहे. ‘जाऊ दे ना, झालं ते झालं’ म्हणत दरवेळी विषय मिटवणारा जवळ नाही, मग तो कितीही शांत दिसो. तिच्या आईच्या आजारपणात त्याने हॉस्पिटलची सगळी धावपळ केली असेल, तर ती नक्कीच जमेची बाजू. पण त्या रात्री ती रडली तेव्हा तो शेजारी बसू शकला का, हे वेगळं विचारायला हवं. पहिल्या गोष्टीत जबाबदारी दिसते, दुसरीत जवळीक; या राजाकडून दोन्ही अपेक्षित आहेत.

कार्ड हा पुरावा नव्हे, हे साध्या हिशेबानेही कळतं. 78 पत्त्यांतून तीन काढले तर त्यांत राणी किंवा राजा यांपैकी एक तरी येण्याची शक्यता साधारण 13 पैकी एक असते. म्हणजे दिवसभरात 13 जणांनी तीन-तीन कार्डं काढली, तर त्यांतल्या एखाद्याला हा ‘शुभसंकेत’ सहज मिळेल, जोडीदार कसाही असो. शिवाय ज्याच्याबद्दल विचारलं जातंय तो माणूस समोर नसतो. कार्ड विचारणाऱ्याच्या मनातलं वर आणतं. गैरहजर माणसाच्या मनाचा एक्स-रे काढत नाही.

म्हणून पुढच्या वेळी यांपैकी एखादं कार्ड निघालं, तर ‘तो आहे का असा?’ हे रिडरला विचारू नका. गेल्या महिन्याभरातला एक प्रसंग निवडा आणि त्याविषयी जोडीदाराशीच बोला. मात्र बोलायचीच भीती वाटत असेल, घरात धाक किंवा मारहाण असेल, तर कार्ड काढत बसू नका. विश्वासातल्या माणसाला सांगा किंवा 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा.