तोटी, टेप आणि अर्ध्या इंचाचा प्लग

सकाळी ८:००
विष्णुपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात प्लंबरदादा वायसर बोटाने दाबून बघतात. कडक झालेला परत देतात. मऊ वायसर दोन-दोन रुपयांचे, टेफ्लॉन टेप वीसची, अर्ध्या इंचाचा प्लास्टिकचा प्लग दहाचा. पिशवीत आठ इंची स्क्रू पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि हॅक्सॉची पाती आहेत. किरकोळ कामाला एवढं पुरतं.

सकाळी ९:१५
पहिलं घर. तोटी बंद करूनही टपकते. दादा आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतात, मग तोटी उघडून पाइपातलं पाणी सोडून देतात. पान्याने वरचा भाग खोलला की आत वायसर दिसतो. मधोमध गोल खाच पडलेली. नवा बसवला, टपकणं थांबलं. "नव्यानेही थांबलं नाही, तर आतली पितळी बैठक खरवडली गेलीय समजायचं. मग तोटीच बदलायची." पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या तोट्यांत वायसर नसतो. तिथे आतलं स्पिंडलच बदलतात. मजुरी दीडशे.

दुपारी १२:००
कॉलेजच्या पोरांची खोली. प्लास्टिकची तोटी तुटली, तिचे आटे भिंतीतल्या एल्बोतच अडकले. पाण्याची धार थांबेना, म्हणून पोरांनी चिंधी कोंबलेली. वरचा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. तो सापडायलाच अर्धा तास गेला.

दादा जुनं पातं गॅसवर तापवतात, अडकलेल्या तुकड्यात रुतवतात, गार होऊ देतात. मग पक्कडीने पातं धरून डावीकडे हळूहळू फिरवलं की तुकडा आट्यासकट बाहेर. दुकान दुपारी बंद, नवी तोटी नाही. तिथे दहा रुपयांचा प्लग कामाला आला. त्याच्या आट्यांवर टेप गुंडाळली. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, दहा-बारा वेढे. उलटी गुंडाळली तर प्लग आवळताना टेप सुटून गोळा होते आणि गळती तशीच राहते. प्लग बसला, व्हॉल्व्ह उघडला. बाकीच्या खोल्यांना पाणी सुरू झालं. तीनशे मिळाले, चहाही.

दुपारी ४:३०
एक काकू विचारतात, "मोठा पाइप पाना घेऊन ठेवू का?"

"नको काकू. लांब दांड्याने जोर जास्त बसतो. भिंतीतला सीपीव्हीसीचा एल्बो तडकला तर फरशी फोडावी लागते. तोटी आधी हाताने आवळा, मग पान्याने एखादा फेरा. त्यापुढे थांबा."

काकूंच्या भिंतीला ओल आहे. दादा तोटीभोवती कोरडा कागद धरतात. कागद कोरडाच राहतो. म्हणजे गळती आत आहे. पिशवीतल्या कुठल्याच वस्तूचं हे काम नाही. उद्या छिन्नी-हातोडी घेऊन यायचं ठरतं.