सात टनांचा जोर, ऐंशीचा बोअर

रद्दी पुठ्ठ्याच्या गाठी बांधणाऱ्या छोट्या प्रेसला सुमारे सात टन, म्हणजे 70 किलोन्यूटन जोर हवा आहे. पंप 160 बार दाब देतो. प्रत्येक चौरस मिलिमीटरवर 16 न्यूटन. भागाकार केला की पिस्टनचे क्षेत्रफळ 4375 चौरस मिमी येते. सीलच्या घर्षणापोटी दहा टक्के वाढवले, तर व्यास जवळपास 78 मिमी. बाजारात 80 चा बोअर मिळतो, तो घ्यायचा. पूर्ण दाबाला त्याचा जोर 80 किलोन्यूटन होतो.

रॉडचा हिशेब मात्र फसवा आहे. 80 किलोन्यूटन पेलायला 25 मिमीचा पोलादी रॉडही ताकदीने पुरतो. पण रॉड चिरडत नाही, वाकतो. दोन्ही टोकांना पिन आणि पूर्ण उघडल्यावर पिनांमधले अंतर दीड मीटर असेल, तर ऑयलरच्या सूत्राप्रमाणे हा रॉड 18 किलोन्यूटनच्या आतच बाजूला झुकतो. 45 मिमीचा रॉड 185 किलोन्यूटनपर्यंत टिकतो, म्हणजे सव्वादोन पटींहून थोडा जास्त. साडेतीन पटींची सुरक्षितता धरणारा डिझायनर 56 चाच निवडेल.

जाड रॉडची किंमत दुसऱ्या बाजूला मोजावी लागते. रॉडच्या बाजूचे क्षेत्रफळ निम्म्यावर येते आणि परतीचा जोर 41 किलोन्यूटनच उरतो. त्याहून घातक गोष्ट म्हणजे, रॉड बाहेर येताना त्या बाजूचे तेल चुकून अडले, तर तिथला दाब 314 बारपर्यंत चढतो. ग्लँडचे आटे आणि नळीची जाडी याच आकड्यासाठी तपासायला हवी. पंपावरचा गेज पाहून नव्हे.

ग्लँडचे दुखणे जुने आहे. जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, पण त्या प्रेसची गळती हेन्री मॉडस्लेच्या कातडी कॉलरने थांबवली. दाब वाढेल तसा तो कॉलर रॉडला अधिक घट्ट चिकटे. आजचा यू-सीलही तसाच चालतो, म्हणून त्याचे ओठ तेलाकडेच हवेत.

कॅड मॉडेलमध्ये तेलाकडून बाहेर येताना क्रम असा: आधी रॉडला आधार देणारी गाइड रिंग, मग सील, शेवटी धूळ अडवणारा वायपर. ग्लँडच्या बाहेरच्या अंगाला ओ-रिंग आणि तिच्यामागे बॅकअप रिंग. सील मोकळ्या मापाने काढला, तर तो रॉडमध्ये घुसलेला दिसतो. ही चूक समजून खाच मोठी करू नये. बसल्यावर सील तेवढा दाबला जाणारच असतो. खाचेचे माप सीलच्या कॅटलॉगमधूनच घ्यावे.

तळाचे झाकण नळीला वेल्ड करतात. त्या जोडावर 80 किलोन्यूटनचा ताण प्रत्येक फेरीला येतो, त्यामुळे वेल्डची खोली ड्रॉइंगवर लिहावीच लागते. पुढचे झाकण उघडता यायला हवे, पण पिस्टन बसवताना त्याचा सील आट्यांवरून आणि पोर्टच्या धारदार कडेवरून सरकतो. तिथे चॅम्फर नसेल, तर सील पहिल्याच दिवशी कापला जातो. बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही. पंप बंद करून व्हॉल्व्ह अडवला, तरी प्रेसची प्लेट हळूहळू खाली सरकत राहते.