कुंडी-तुलेतील लोड सेल : शून्य, अंशांकन आणि वाचनाची सरक

कुंडीतील पिकाचे बाष्पोत्सर्जन मोजण्यासाठी कुंडी सतत तुलेवर ठेवून तिच्या वजनातील घट नोंदवितात. दुकानातील तराजू प्रत्येक वजनाआधी शून्यावर आणता येतो. येथे मात्र कुंडी अनेक आठवडे हलत नाही. त्यामुळे वजनातील घट पाण्यामुळे झाली की तुलेच्या वाचनातच सरक आली, हे वेगळे ओळखावे लागते.

उदाहरणार्थ, २० किलो क्षमतेचा ॲल्युमिनियमचा लोड सेल घेऊ. त्यावर चिकटविलेल्या विकृतिमापक पट्ट्यांचा व्हीटस्टन सेतू पूर्ण भाराला, पुरवठ्याच्या दर व्होल्टमागे, सुमारे १ मिलिव्होल्ट इतकाच संकेत देतो. एचएक्स-७११ हे परिपथक तो १२८ पट वर्धित करून २४ बिटांच्या अंकात रूपांतरित करते. सेतूचा पुरवठा आणि रूपांतरकाचा संदर्भ एकच असल्याने पुरवठ्यातील संथ चढउतार बऱ्याच अंशी आपोआप कटतात. या मांडणीत एका ग्रॅममागे सुमारे १०७ अंक मिळतात. सेकंदाला १० वाचनांचा वेग निवडावा; त्यात वीजवाहिनीचा ५० हर्ट्झचा गोंगाट गाळला जातो.

शून्यांक व गुणांक

रिकाम्या तुलेचे वाचन म्हणजे शून्यांक आणि एका ग्रॅममागील अंक म्हणजे गुणांक. समजा, २५ अंश सेल्सिअस तापमानाला रिकामे वाचन ८४,३०० आले आणि प्रमाणित १० किलो वजन ठेवल्यावर ते ११,५२,३०० झाले. फरक १०,६८,००० असल्याने गुणांक १०६.८ येतो. यानंतर ५ किलो वजन ठेवून पडताळा घ्यावा. अपेक्षित वाचन ६,१८,३०० आहे. प्रत्यक्षात ६,१८,४४० आल्यास फरक १.३ ग्रॅमचा, म्हणजे स्वीकारार्ह आहे. तेच वजन फळीच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावे. एखाद्या कोपऱ्यावर मोठा फरक दिसल्यास फळी कोठे तरी टेकते आहे किंवा स्क्रू सैल आहे, असे समजावे.

अनेक तयार उदाहरणांत यंत्र सुरू होताच `tare()` ही आज्ञा चालते. कुंडी-तुलेत ती घातक ठरते. वीज जाऊन परत आली की यंत्र ओल्या मातीसह संपूर्ण कुंडीलाच शून्य मानते आणि तोवरच्या नोंदींशी असलेला दुवा तुटतो. म्हणून शून्यांक व गुणांक कायम स्मृतीत जपावेत आणि प्रत्येक नोंदीत ग्रॅमसोबत मूळ अंकही साठवावेत. मूळ अंक असतील तर चुकीचा गुणांक नंतरही सुधारता येतो.

सरक कशी मोजावी

सरक मुख्यतः दोन कारणांनी येते. पहिले कारण धातूची सावकाश विकृती. भार ठेवल्यानंतर वाचन काही काळ हळूहळू एकाच दिशेने जाते. म्हणून कुंडी ठेवल्यावर किंवा पाणी दिल्यावर पहिल्या अर्ध्या तासाच्या नोंदी गणनेत घेऊ नयेत. दुसरे कारण तापमान. त्यासाठी तापमापक सेलच्या धातूलाच चिकटवावा, कारण हवेचे तापमान सेलच्या आधी बदलते.

आता कुंडीइतक्याच वजनाचा, वाळू भरलेला व झाकण घट्ट बंद केलेला डबा तुलेवर दोन दिवस ठेवावा. त्याचे वजन बदलत नाही, म्हणून दिसणारा बदल तुलेचाच असतो. समजा, पहाटे २२ अंशांपेक्षा दुपारी ३६ अंशांना वाचन ६०२ अंकांनी वाढले. १४ अंशांच्या फरकाने भागल्यास दर अंशामागे ४३ अंक, म्हणजे सुमारे ०.४ ग्रॅम येतात. ही दुरुस्ती अशी :

```
long raw = scale.read_average(20);
float gram = (raw - offset - k * (temp - 25.0)) / factor;
```

येथे `offset` = 84300, `factor` = 106.8 आणि `k` = 43. दुसऱ्या दिवशीचा उतार पहिल्याशी जुळला, तरच ही दुरुस्ती वापरावी.

दुरुस्तीचा परिणाम

२५ सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत १ मिलिमीटर पाणी म्हणजे ४९ ग्रॅम. सकाळी आठ ते दुपारी दोन या काळात सेल १० अंशांनी तापला आणि घट ११८ ग्रॅम दिसली, तर खरी घट १२२ ग्रॅम, म्हणजे सुमारे २.५ मिलिमीटर असते. येथे चूक किरकोळ आहे. परंतु सकाळच्या एका तासात सेल ३ अंशांनी तापून ६ ग्रॅम घट दिसली, तर खरी घट ७.२ ग्रॅम असते. म्हणजे तासाच्या आकड्यातील सहावा हिस्सा हरवतो. दिवसभराच्या बेरजेत मात्र पहाट ते पहाट असा हिशेब धरल्यास तापमान जवळपास पूर्ववत होते आणि दुरुस्तीची फारशी गरज उरत नाही.

वाऱ्याने हलणाऱ्या झाडाचा परिणाम या सूत्राने जात नाही. त्यासाठी अधिक वाचनांची सरासरी घ्यावी. वाचन ८३,८८,६०७ वर खिळले, तर संकेताची तार तुटल्याची किंवा संकेत मर्यादेबाहेर गेल्याची शक्यता तपासावी. महिन्यातून एकदा कुंडी उतरवून, अर्धा तास थांबून, रिकामे वाचन तापमानासह नोंदवावे. ते दर वेळी एकाच दिशेने सरकत असेल, तर सेलमध्ये ओल शिरली आहे का किंवा त्यावर अतिभार आला होता का, हे पाहावे आणि अंशांकन पुन्हा करावे.