फोटो आला, प्रश्न नाही

बाजार समितीतून वडिलांनी भावफलकाचा फोटो पाठवला. सोबत एक शब्दही नाही. आता करायचे काय? आकडे उतरवून द्यायचे, भाषांतर करायचे, भाव ताडून पाहायचे की पट्टी काढायची?

उत्तर फलकापेक्षा पाठवणाऱ्याकडे असते. वडिलांना मराठी वाचता येते, म्हणजे भाषांतर नको. फोटो अंधूक असेल किंवा चष्मा घरी राहिला असेल, तर आकडे उतरवून हवे असतील. ट्रॉली अजून लिलावाच्या रांगेत असेल, तर तुलना हवी. माल विकला गेला असेल, तर हिशोब.

समजा, फलकावर कांदा आहे : किमान 700, कमाल 1,900, सर्वसाधारण 1,500. हे भाव क्विंटलचे, म्हणजे सर्वसाधारण भाव किलोला 15 रुपये. तुलना करताना दुसऱ्या बाजाराचाही सर्वसाधारण भावच घ्यावा, कारण बहुतेक माल त्याच्या आसपास विकला जातो. कमाल भाव एखाद्याच उत्तम वक्कलाला मिळालेला असतो. 12 क्विंटल 40 किलोचे 1,500 ने 18,600 रुपये होतात. पण हा अंदाजच. खरी पट्टी आपल्या मालाला पुकारलेल्या भावाने होते, आणि हमाली-तोलाईची कपात फलकावर नसते.

म्हणून आधी तारीख आणि कांद्याची ओळ वाचून लिहावी : “आजचा सर्वसाधारण 1,500 दिसतोय.” मग एकच विचारावे, “बाबा, माल विकला का?” पुढचे काम त्या उत्तरातून ठरते.