चुंबकाचे लोहाकर्षण व ध्रुवांची अविभाज्यता

चुंबक लोखंडाला ओढतो आणि चुंबकाचे कितीही तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्याला उत्तर व दक्षिण असे दोन्ही ध्रुव असतात. या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. चुंबकाचा ध्रुव हा त्याच्या टोकाशी साठलेला पदार्थ नसून, आतील असंख्य सूक्ष्म चुंबक एका दिशेने रांगेत लागल्याचा तो परिणाम असतो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील बेसाल्ट खडक आणि कृष्णा नदीतील काळी वाळू यांमध्ये हे गुणधर्म सहज पाहता येतात.

## लोखंडाचे आकर्षण

लोखंडाच्या अणूतील काही इलेक्ट्रॉनांचे चुंबकत्व एकमेकांना रद्द करत नाही. त्यामुळे प्रत्येक अणू हा एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. शेजारचे अणू आपापली दिशा एकसारखी ठेवतात आणि त्यांचे लहान लहान गट बनतात. या गटांना चुंबकीय डोमेन म्हणतात. एका डोमेनमधील सर्व अणूंची दिशा एकच असते, पण शेजारच्या डोमेनची दिशा निराळी असते. साध्या खिळ्यात या सर्व दिशांची बेरीज जवळजवळ शून्य होते, म्हणून एक खिळा दुसऱ्या खिळ्याला ओढत नाही.

खिळ्याजवळ चुंबकाचा उत्तर ध्रुव आणला की चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला अनुकूल असलेले डोमेन विस्तारतात व इतर आकसतात. खिळा तात्पुरता चुंबक बनतो. त्याच्या जवळच्या टोकाशी दक्षिण ध्रुव आणि दूरच्या टोकाशी उत्तर ध्रुव निर्माण होतो. जवळच्या टोकावर आकर्षण व दूरच्या टोकावर प्रतिकर्षण होते, परंतु जवळच्या टोकापाशी क्षेत्र अधिक तीव्र असल्यामुळे आकर्षण वरचढ ठरते. चुंबकाचा दक्षिण ध्रुव पुढे केला तर खिळ्यातील ध्रुवही उलटतात, म्हणून लोखंड दोन्ही ध्रुवांकडे सारखेच ओढले जाते.

यावरून असे दिसते की निव्वळ ओढ निर्माण होण्यासाठी क्षेत्राची तीव्रता जागोजागी बदलावी लागते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुईच्या लांबीएवढ्या अंतरात जवळजवळ एकसारखे असते. म्हणून पाण्यावर तरंगणारी चुंबकित सुई उत्तर-दक्षिण वळते, पण उत्तरेकडे वाहत जात नाही.

## कृष्णेतील काळी वाळू

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाई, कऱ्हाड व सांगली या गावांजवळून वाहते. तिचे खोरे दख्खनच्या बेसाल्टमध्ये कोरलेले आहे. या खडकात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे, बहुधा टायटॅनियममिश्रित, बारीक कण असतात. खडक झिजला की हे कण नदीत येतात. ते इतर वाळूपेक्षा जड असल्यामुळे प्रवाह मंदावतो तेथे त्यांचे काळपट पट्टे साचतात.

अशी कोरडी वाळू कागदावर पसरून कागदाखालून चुंबक फिरवला असता काळे कण केसांसारखे उभे राहतात. चुंबकाच्या क्षेत्रात प्रत्येक कणाला दोन ध्रुव येतात. एका कणाचा उत्तर ध्रुव पुढच्या कणाच्या दक्षिण ध्रुवाला चिकटतो आणि कणांची साखळी तयार होते. चुंबक दूर नेला की साखळ्या बहुतांशी कोसळतात, कारण हे चुंबकत्व मुख्यतः तात्पुरते असते.

## चुंबक तोडल्यावर काय होते

हीच वाळू वापरून पुढील प्रयोग करता येतो. ६ सेंमी लांबीच्या पोलादी सुईवर चुंबकाचा उत्तर ध्रुव नेढ्याकडून टोकाकडे, नेहमी त्याच दिशेने, अनेक वेळा घासावा. सुईचे टोक दक्षिण ध्रुव आणि नेढे उत्तर ध्रुव बनते. ही सुई काळ्या वाळूत लोळवली तर दोन्ही टोकांशी कणांचे झुपके दिसतात, मध्यभागी मात्र फारसे कण चिकटत नाहीत.

आता सुई स्वच्छ करून, जाड कापडात धरून, पकडीने मधोमध तोडावी. ३ सेंमीचे दोन तुकडे पुन्हा वाळूत लोळवले की पूर्वी जेथे कण नव्हते त्या तुटलेल्या टोकांशीही झुपके येतात. नेढ्याच्या तुकड्याचे नवे टोक दक्षिण ध्रुव असते, तर दुसऱ्या तुकड्याचे नवे टोक उत्तर ध्रुव असते. ध्रुव ओळखताना होकायंत्राच्या सुईचे प्रतिकर्षण पाहावे. आकर्षण हा पुरेसा पुरावा नाही, कारण साधे लोखंडही होकायंत्राच्या सुईला ओढते.

अखंड सुईच्या मध्यातही सूक्ष्म चुंबकांच्या रांगा असतात. तेथे एकाचा उत्तर ध्रुव पुढच्याच्या दक्षिण ध्रुवाला लागून असतो आणि बाहेरून दोघांचा परिणाम दिसत नाही. सुई तोडल्याने नवे ध्रुव निर्माण होत नाहीत. एकमेकांना झाकणारे ध्रुव केवळ उघडे पडतात.

चुंबक लांबीच्या दिशेने चिरला तर दोन्ही फाळक्यांचे उत्तर ध्रुव एकाच बाजूला येतात. म्हणून ते पूर्ववत जोडू पाहिल्यास एकमेकांना ढकलतात. लाउडस्पीकरचा कडीच्या आकाराचा चुंबक फुटल्यावर तुकडे जागेवर बसत नाहीत याचे कारण हेच आहे. त्या कडीचा एक सपाट पृष्ठभाग उत्तर ध्रुव व दुसरा दक्षिण ध्रुव असतो. एक तुकडा उलटा केला की तो लगेच चिकटतो.

## विभाजनाची अंतिम मर्यादा

तुकडे करत अणूपर्यंत पोहोचले तरी एकटा ध्रुव मिळत नाही. वीज वाहणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची एक बाजू उत्तर ध्रुवासारखी आणि दुसरी दक्षिण ध्रुवासारखी वागते. या दोन बाजू वेगळ्या करता येत नाहीत, कारण वेटोळे तोडले की प्रवाह थांबतो आणि दोन्ही ध्रुव एकदमच नाहीसे होतात. इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व त्याच्या स्पिन या गुणधर्मातून येते. हे प्रत्यक्ष गोल फिरणे नसले तरी तेही द्विध्रुवीच असते. विद्युतभारांची गोष्ट वेगळी आहे. धन व ऋण भार स्वतंत्र कणांवर असल्यामुळे ते अलग करता येतात.

## खडकांच्या अभ्यासातील उपयोग

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होत असताना मॅग्नेटाइटच्या कणांत तेव्हाच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा कायम झाली. शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये ही क्रिया सुमारे ५८० अंश सेल्सियसच्या खाली सुरू होते. त्याहून अधिक तापमानात अणूंची शिस्त मोडते.

ही दिशा मोजण्यासाठी संशोधक खडकावर उत्तर दिशा व उतार यांची खूण करतात, सुमारे २.५ सेंमी व्यासाची दंडगोलाकार कांडी कापून काढतात आणि प्रयोगशाळेत तिचे लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकडा मूळ दिशा राखणारा द्विध्रुव असतो, म्हणूनच ही पद्धत शक्य होते. महाबळेश्वर परिसरात खालच्या थरांची चुंबकीय दिशा आजच्या उलट आणि वरच्या थरांची सुलट आढळते. पृथ्वीच्या ध्रुवांची अदलाबदल त्या काळात झाल्याची ही नोंद आहे. पठारावर वीज पडलेल्या जागचे नमुने मात्र फसवे ठरतात. त्यांचे चुंबकत्व असाधारण तीव्र असते आणि शेजारच्या नमुन्यांच्या दिशा परस्परांशी जुळत नाहीत.

## एकध्रुवाचा शोध

चुंबकपाषाण तोडल्यास दोन पूर्ण चुंबक मिळतात, हे पीटर पेरेग्रिनस याने १२६९ मध्ये लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. स्वतंत्र चुंबकीय एकध्रुव असणारे मूलकण असू शकतात, असे पॉल डिरॅक यांनी १९३१ मध्ये दाखवले. १९८२ मध्ये ब्लास काब्रेरा यांच्या उपकरणात तशी एक नोंद झाली, परंतु ती पुन्हा मिळाली नाही. असा कण सापडला तरी तो चुंबक कापून मिळणार नाही, कारण साध्या चुंबकाचे चुंबकत्व अशा कणांपासून बनलेले नाही.