रात्री उठून उभं राहणारं बाळ

नऊ महिन्यांचं बाळ, जे आठवड्यापूर्वीपर्यंत छान झोपत होतं, ते रात्री दोन वाजता कठडा धरून उभं राहून रडू लागतं. घरातली मंडळी लगेच कारणं सांगतात: दृष्ट लागली, दात येताहेत, पोट भरत नाही. दिवसा ते काय नवीन शिकतंय, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

गैरसमज: हे दातांमुळेच होतं.

दात साधारण सहाव्या महिन्यापासून अडीच-तीन वर्षांपर्यंत येत राहतात, त्यामुळे या काळातल्या कुठल्याही वाईट रात्रीला दातांचं कारण लावता येतं. दात हिरडीतून बाहेर पडताना काही दिवस त्रास होतो, हे खरं. पण या वयात झोप मोडण्याचं दुसरंही एक कारण असतं. बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं असतं आणि दोन चक्रांच्या मधे ते अर्धवट जागं होतं. पूर्वी ते कूस बदलून पुन्हा झोपायचं. आता त्याच अर्धवट जागेपणी हातपाय दिवसभर केलेली हालचाल करू लागतात. ते पालथं पडतं, बसतं, कठडा धरून उठतं, आणि उभं राहिलं की पूर्ण जागं होतं. नुकतीच बडबड करू लागलेली बाळं अशा वेळी पडल्या पडल्या ‘बा-बा-बा’ करत राहतात. ते रडणं नव्हे, त्यामुळे उचलून घ्यायची घाई नको. इस्रायलमधल्या अनात शेर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रांगणं आणि धरून उभं राहणं सुरू होण्याच्या काळात बाळांची झोप अभ्यासली, तेव्हा रात्रीचं जागणं वाढलेलं दिसलं.

गैरसमज: उभं राहून रडतं म्हणजे हट्ट करतं.

बहुतेक बाळं आधी उभं राहायला शिकतात आणि खाली बसायला नंतर. वर उठताना हातांनी ओढून घेता येतं. खाली बसताना मात्र गुडघे हळूहळू वाकवत अंगाचं वजन मांड्यांवर तोलावं लागतं, आणि ते जास्त कठीण असतं. म्हणून बाळ वर अडकतं. त्याला खाली येता येत नाही, म्हणून ते रडतं.

यावरचा सराव दिवसा करायचा. बाळ दिवाण किंवा मजबूत, बुटकं स्टूल धरून अनवाणी उभं असताना त्याचं आवडतं खेळणं पायांपाशी, जरा बाजूला ठेवा. ते वाकू लागलं की कमरेला दोन्ही हातांचा हलका आधार द्या आणि गुडघे वाकवून त्याला बुडावर बसू द्या. पटकन उचलून खाली ठेवलं, तर अवघड भाग तुम्हीच करून टाकता. दिवसातून चार-पाच वेळा, काही मिनिटं पुरेत. बाळ कंटाळलं की थांबा. झोपायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास हा खेळ नको, कारण बाळ खेळाच्या भरात असताना त्याला झोपवणं अवघड जातं. दमलं की झोपेल म्हणून दुपारची झोपही मोडू नका. अति थकलेलं बाळ जास्त किरकिर करतं.

रात्री उभं दिसलं, तर दिवा न लावता, फारसं न बोलता त्याच पद्धतीने बसवा आणि आडवं करा. पुन्हा उठलं, तर पुन्हा तसंच. बसणं जमू लागलं की हा त्रास बहुधा कमी होत जातो, पण एका रात्रीत थांबेल अशी अपेक्षा नको.

गैरसमज: वॉकरमध्ये ठेवलं की लवकर शिकेल.

वॉकरमध्ये बाळ स्वतःचा तोल सांभाळत नाही आणि खाली बसायला तर शिकतच नाही. जिन्यावरून पडण्याचा धोका वेगळाच. कॅनडाने 2004मध्ये वॉकरवर बंदी घातली.

गैरसमज: पालथं पडलं की रात्रभर उठून सरळ करावं.

झोपवताना बाळाला पाठीवरच झोपवा. पण दोन्ही बाजूंना स्वतः वळता येऊ लागलं असेल, तर झोपेत पालथं झाल्यावर त्याला दर वेळी सरळ करायची गरज नसते. मात्र पालथं पडायची धडपड दिसताच दुपट्यात घट्ट गुंडाळणं बंद करा. झोळी आणि उथळ पाळणाही सोडा, कारण बाळ त्यातून पडू शकतं. पलंगावर उशांची भिंत रचू नका; ती बाळाला अडवत नाही आणि तोंडावर आली तर श्वास कोंडतो. कठड्याच्या पलंगात गादीची पातळी सर्वांत खाली न्या.

ताप, कान ओढत रडणं, श्वासाला त्रास किंवा लघवी कमी होणं याचं खापर नव्या कौशल्यांवर फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय बसता येत नसेल, तरी तपासणी करून घ्या. आणि येत असलेली गोष्ट बाळ विसरत चाललं असेल, तर झोप सुधारायची वाट न बघता त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा.